लिफ्टमध्ये केवढा लांब पाईप मावेल? इष्टिकाचितीच्या कर्णाचा हिशेब, दार आणि जाडी धरून

‘एका खोलीची लांबी १२ मी, रुंदी ९ मी आणि उंची ८ मी आहे, तर तिच्यात जास्तीत जास्त किती लांबीची काठी मावेल?’ हा प्रश्न शाळेत बहुतेकांनी सोडवलेला असतो. उत्तर १७ मी येतं आणि विषय तिथेच संपतो. आठ मीटर उंच खोली कुणाच्या घरात असते आणि सतरा मीटरची काठी दारातून आत कशी न्यायची, हे पुस्तक विचारत नाही.

प्रश्न मात्र खराच आहे. सहाव्या मजल्यावर नळकाम चाललंय, दुकानातून तीन मीटरचे पाईप आलेत (बोलण्यात ‘दहा फुटी’) आणि ते लिफ्टने वर न्यायचेत. अख्खा पाईप मावला तर उत्तम. नाही मावला तर कापावा लागणार, आणि जिथे कापाल तिथे एक जोड वाढणार. म्हणून कापायचाच असेल तर कमीत कमी कापायचा. शाळेतलं सूत्र इथे उपयोगी पडतं, पण ते सांगतं ती फक्त वरची मर्यादा. खरी लांबी त्याहून कमी निघते आणि किती कमी, तेही मोजून काढता येतं.

एक लिफ्ट घेऊन शेवटपर्यंत तिच्याच मापांवर हिशेब करू. आतली रुंदी १३० सेमी, खोली (म्हणजे दारापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर) ११० सेमी आणि उंची २२० सेमी. दार मधोमध, ८० सेमी रुंद आणि २०० सेमी उंच. तुमच्या इमारतीतली मापं वेगळी असतील. रीत हीच राहील.

मापं घेताना

मापं आतून घ्यायची, भिंतीच्या पत्र्यापासून समोरच्या पत्र्यापर्यंत. उंची जमिनीपासून खऱ्या छतापर्यंत नाही, तर दिवे आणि पंखा ज्याच्यावर बसवलेत त्या खालच्या फॉल्स सीलिंगपर्यंत धरायची. पाईपचं वरचं टोक एका कोपऱ्यात जाणार असतं. म्हणून उंची मधोमध न घेता त्या कोपऱ्यातच घ्या.

तिन्ही मापं एकाच एककात लिहा. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण लिफ्ट सेंटिमीटरमध्ये मोजली जाते आणि पाईप फुटांत. १ फूट म्हणजे ३०.४८ सेमी. त्यातही ‘आठ फूट सहा इंच’ म्हणजे ८.६ फूट नव्हे, ८.५ फूट. कॅल्क्युलेटरवर ८.६ मारलं तर उत्तरात तीन सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि पाईप अडायला तेवढा पुरतो.

कोणतं माप जास्त काळजीने घ्यायचं? सगळ्यात मोठं. उंची मोजताना १ सेमी चुकलं तर अंतिम उत्तर जवळपास ०.८ सेमीने चुकतं. खोली मोजताना तेवढंच चुकलं तर उत्तर फक्त ०.४ सेमीने हलतं. प्रत्येक बाजूचा उत्तरावरचा परिणाम त्या बाजूला कर्णाने भागून मिळतो, म्हणून लांब बाजूचा प्रभाव जास्त.

कर्ण काढणं

सळई पेटीत सगळ्यात लांब बसते ती एका कोपऱ्यातून सुरू होऊन पूर्ण विरुद्ध कोपऱ्यात संपते तेव्हा. विरुद्ध म्हणजे तिन्ही दिशांनी विरुद्ध: खाली–वर, डावा–उजवा, पुढचा–मागचा. यापेक्षा लांब का बसत नाही, हे पटायला सोपं आहे. पेटीतले कोणतेही दोन बिंदू घ्या. त्यांच्यातलं आडवं अंतर रुंदीपेक्षा जास्त असू शकत नाही, पुढे-मागे अंतर खोलीपेक्षा जास्त नाही आणि वर-खाली अंतर उंचीपेक्षा जास्त नाही. तिन्ही अंतरं एकाच वेळी पूर्ण वापरली जातात ती फक्त विरुद्ध कोपऱ्यांमध्ये. असे कर्ण पेटीत चार असतात आणि चारही सारख्याच लांबीचे. म्हणून कोणत्या कोपऱ्यातून सुरुवात करायची, हे आपण आपल्या सोयीने ठरवू शकतो. दाराचा विचार करताना ही सूट कामाला येईल.

आता लांबी. आधी फक्त जमीन पाहा. जमीन हा १३० × ११० चा आयत. त्याच्या कर्णावरचा चौरस दोन्ही बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेइतका असतो. पायथागोरसच्या नावाने आपण हे शिकतो, आणि बौधायनाच्या शुल्बसूत्रात वेदी आखताना आयताच्या कर्णाबद्दल हेच सांगितलेलं आहे. म्हणून जमिनीच्या कर्णाचा वर्ग:

१३०² + ११०² = १६९०० + १२१०० = २९०००

या कर्णाच्या एका टोकाशी लिफ्टचा उभा कोपरा आहे. उभी कड जमिनीवरच्या प्रत्येक रेषेशी काटकोन करते, नुसत्या भिंतीच्या रेषांशीच नाही, तिरप्या कर्णाशीसुद्धा. इथे मुलं हमखास अडखळतात, कारण कागदावरच्या चित्रात तो कोन काटकोन दिसतच नाही. पुस्तक टेबलावर उभं ठेवा आणि त्याच्या उभ्या कडेशी टेबलाला टेकवून पेन्सिल कुठल्याही दिशेने फिरवा. कोन प्रत्येक वेळी ९० अंशांचाच दिसेल. म्हणजे पुन्हा एक काटकोन त्रिकोण मिळाला. त्याची एक बाजू जमिनीचा कर्ण, दुसरी उंची आणि त्याचा कर्ण म्हणजेच आपली सळई:

२९००० + २२०² = २९००० + ४८४०० = ७७४००

सूत्र म्हणून लिहायचं तर:

d = √(l² + b² + h²)

मधल्या पायरीवर २९००० चं वर्गमूळ काढलं नाही, हे लक्षात आलं असेल. ते काढायचं, १७०.२९ लिहायचं आणि पुन्हा त्याचा वर्ग करायचा, यात वेळही जातो आणि दशांशही घसरतात. वर्गमूळ शेवटी एकदाच.

७७४०० चं वर्गमूळ फोनवर लगेच मिळेल. हाताने काढायचं तर २७८² = ७७२८४, उरले ११६. ते २७८ च्या दुपटीने, म्हणजे ५५६ ने भागले की सुमारे ०.२ येतात. उत्तर २७८.२ सेमी. इथे दशांश नेहमी खाली सोडायचे. परीक्षेत २७८.२१ ला २७८.२ म्हणा किंवा २७८ म्हणा, पण वर कधीच न्यायचं नाही. मिलिमीटरने जास्त झालेला पाईपही मावत नाही तो नाहीच.

उत्तर पटण्यासारखं आहे का, हे एका नजरेत तपासता येतं. कर्ण सगळ्यात मोठ्या बाजूपेक्षा मोठा असायलाच हवा, आणि तिच्या १.७३ पटीपेक्षा जास्त कधीच नाही (तिन्ही बाजू सारख्या असल्या तरच तेवढा). इथे २२० आणि ३८० च्या मधे २७८ आहे, ठीक. कुणी तिन्ही बाजूंची नुसती बेरीज करून ४६० सांगितले, तर ते या फुटपट्टीवर लगेच पकडले जातात.

दुकानात उभं राहून फक्त ‘मावेल की नाही’ एवढंच हवं असेल तर वर्गमूळ लागतच नाही. पाईपच्या लांबीचा वर्ग करा आणि ७७४०० शी ताडून पाहा. तीन मीटरचा पाईप: ३००² = ९००००, म्हणजे जास्त. अख्खा पाईप या लिफ्टमध्ये कोणत्याही तिरक्या-तारक्या पद्धतीने मावणार नाही, प्रयत्नही करू नका. नऊ फुटांचा तुकडा: २७४.३२ चा वर्ग सुमारे ७५२५१, म्हणजे कमी. सूत्राप्रमाणे मावतो, चार सेंटिमीटर शिल्लकही राहतात. शाळेचा हिशेब इथे संपतो.

दार मधे येतं

नऊ फुटी तुकडा घेऊन कुणी लिफ्टपाशी गेलं की तो आत जात नाही. कर्णाचं सूत्र बंद पेटीत आधीच ठेवलेल्या सळईबद्दल बोलतं. ती आत कशी शिरली, हे ते विचारत नाही. वरून उघडणाऱ्या खोक्यात याने काही बिघडत नाही, कारण झाकणाची अख्खी बाजू मोकळी असते. लिफ्टच्या दाराच्या दोन्ही बाजूंना मात्र भिंतीचा पट्टा असतो. आपल्या लिफ्टमध्ये १३० मधून ८० वजा केले की ५० उरतात, म्हणजे प्रत्येक बाजूला २५ सेमी.

पाईप आत जाताना एक क्षण असा येतो की बाकी सगळा पाईप आत आहे आणि फक्त शेवटचं टोक दाराच्या रेषेवर आहे. त्या क्षणी ते टोक कोपऱ्यात असू शकत नाही. दाराच्या मोकळ्या जागेतच कुठेतरी असायला हवं. जास्तीत जास्त ते दाराच्या चौकटीला चिकटेल. तिथून समोरच्या लांबच्या कोपऱ्यापर्यंतचं आडवं अंतर १३० नसून १३० − २५ = १०५ सेमी आहे. म्हणून हिशेबात रुंदीच्या जागी १०५ घालायचे:

१०५² + ११०² + २२०² = ११०२५ + १२१०० + ४८४०० = ७१५२५

वर्गमूळ २६७.४ सेमी. नऊ फूट म्हणजे २७४.३, म्हणून नऊ फुटी तुकडा अडतो, जरी तो आतल्या जागेत छान बसला असता. दाराने जवळपास ११ सेमी खाल्ले.

उंचीच्या जागी २०० का घातले नाहीत, दार तर तेवढंच उंच आहे? कारण हे पाईप कोणत्या टोकाने आत घालता यावर ठरतं, आणि हमाल मंडळी अंगवळणी पडल्यासारखं जे करतात ते नेमकं उलटं असतं. बहुतेक जण पाईपचं खालचं टोक आत टेकवतात आणि वरचं टोक चौकटीखालून आत ओढू पाहतात. मग शेवटी आत येणारं टोक वरचं असतं, ते २०० सेमीच्या वर जाऊ शकत नाही आणि मर्यादा १०५² + ११०² + २००² च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे २५१.२ सेमी होते. नुसत्या टोकाच्या निवडीने सोळा सेंटिमीटर जातात.

वरचं टोक आधी आत घाला. ते मागच्या भिंतीच्या लांबच्या कोपऱ्यात टेकवा, खालचं टोक बाहेर जमिनीवर ठेवा आणि ते जमिनीवरून आत सरकवत न्या. वरचं टोक कोपऱ्याच्या कडेने चढत जातं, भिंतीला लावलेली शिडी पायाकडून आत ढकलावी तसं. अशा प्रकारे २६७ सेमीचा पाईप नेताना तो दाराच्या रेषेवर जास्तीत जास्त ४७ सेमी उंचीवर असतो, म्हणजे गुडघ्याच्या आसपास. दाराच्या वरच्या चौकटीचा प्रश्नच येत नाही. शेवटी आत शिरतं ते खालचं टोक, आणि ते जमिनीवर असतं. लिफ्टच्या बाहेर, लॉबीत मात्र मागे सरकायला पुरेशी जागा हवी. लॉबी अरुंद असेल तर पाईप सुरुवातीपासूनच जास्त उभा धरावा लागतो.

कमरेच्या उंचीवरची आधाराची दांडी अडेल अशी शंका येते. पाईप जागेवर बसल्यावर ती अडत नाही, कारण पाईप भिंतींना फक्त टोकाशी टेकतो आणि मधे भिंतीपासून दूर असतो. दांडी कोपऱ्यापर्यंत गेलेली असेल तर वरचं टोक सुरुवातीलाच तिच्या वरून टेकवायचं, एवढंच.

दार मधोमध नसून एका बाजूच्या भिंतीला लागून उघडत असेल तर नशीब चांगलं. तेव्हा शेवटचं टोक थेट कोपऱ्यातून आत येतं आणि रुंदी पूर्ण १३० धरता येते. दार थोडंसं बाजूला असेल तर दोन्ही पट्ट्यांपैकी अरुंद पट्टा वजा करा आणि त्या बाजूने पाईप घाला. चारही कर्ण सारखेच असल्याने बाजू निवडायला आपण मोकळे आहोत.

जाडी

सूत्रातली सळई म्हणजे नुसती रेषा. खऱ्या पाईपचं टोक कोपऱ्याच्या बिंदूत घुसत नाही. त्याची कड आधी टेकते.

यासाठी सोपा आणि सुरक्षित उपाय असा: पाईपच्या मधून जाणारी रेषा डोळ्यांसमोर आणा. पाईप भिंतीत घुसू नये म्हणून ही मध्यरेषा प्रत्येक भिंतीपासून निदान अर्ध्या जाडीइतकी दूर राहिली की पुरे. समोरासमोरच्या दोन भिंतींमुळे प्रत्येक मापातून अर्धी अधिक अर्धी, म्हणजे एक पूर्ण जाडी कमी होते. म्हणून तिन्ही मापांतून पाईपची बाहेरची जाडी वजा करा आणि मगच वर्ग करा. हे माप किंचित कमीच येतं, कारण टोकाशी आपण थोडी जास्त जागा सोडतो. पण कमी आलेलं चालतं.

बाहेरची जाडी म्हणजे दुकानदार सांगतो तो आकडा नव्हे. ‘एक इंची’ पाईप बाहेरून एक इंचापेक्षा जाड असतो. टेप लावा. समजा ती ३ सेमी भरली. दाराचा विचार केलेल्या मापांतून ३ वजा:

१०२² + १०७² + २१७² = १०४०४ + ११४४९ + ४७०८९ = ६८९४२

वर्गमूळ २६२.५ सेमी. यातून हात हलवायला आणि मापातल्या चुकांसाठी दोन-तीन सेंटिमीटर सोडले की २६० सेमी उरतात. साडेआठ फूट म्हणजे २५९ सेमी. या लिफ्टसाठी तीन मीटरच्या पाईपचा सगळ्यात मोठा तुकडा साडेआठ फुटांचा, आणि प्लंबरला तेवढंच सांगायचं. मूळ २७८ पासून आपण एकोणीस सेंटिमीटर खाली आलो. त्यातला मोठा वाटा दाराचा आहे.

सांडपाण्याचा चार इंची पाईप असेल तर गणित बदलतं. त्याची बाहेरची जाडी ११ सेमी. तिन्ही मापांतून ११ गेले की ९४² + ९९² + २०९² = ८८३६ + ९८०१ + ४३६८१ = ६२३१८, म्हणजे २४९.६ सेमी. जाड पाईपला जाडीच दारापेक्षा जास्त नडते. इथे मात्र आपली रीत जरा जास्तच सावध आहे: काटेकोर हिशेब केला तर आणखी काही सेंटिमीटर मिळतात. ते हवेच असतील तर कापायच्या आधी पुठ्ठ्याची किंवा टाकाऊ पाईपची चाचणी करून पाहा.

उत्तर जुळलं नाही तर

हिशेब बरोबर असूनही पाईप अडला तर पहिला संशय पेटीच्या आकारावर घ्या. सूत्र काटकोनावर उभं आहे. लिफ्टचा पत्र्याचा डबा सहसा गुण्यात असतो, पण लाकडी खोकं, जुनी पेटी किंवा गवंड्याने बांधलेला कोनाडा असेलच असं नाही. तपासणी सोपी आहे: जमिनीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून दोन्ही कर्णही सारखे आले तर जमीन गुण्यात आहे, वेगळे आले तर एक कर्ण सूत्रापेक्षा मोठा आणि दुसरा लहान आहे. उभ्या कडा ओळंब्यात आहेत का, हेही तसंच पाहता येतं. वाकड्या खोक्यात चारही कर्ण सारखे राहत नाहीत. तिथे सूत्र सोडा आणि सगळ्यात लांब कोपऱ्यांत थेट टेप ताणून वाचा. किंबहुना टेप ताणायला जागा असेल तर गणित करून झाल्यावर एकदा ताणून पाहावाच. दोन आकड्यांत एक-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर मापात किंवा बेरजेत काहीतरी घसरलंय.

उलटा प्रश्नही याच समीकरणातून सुटतो. पाईप कापायचाच नसेल तर लिफ्ट किती उंच हवी? लांबीच्या वर्गातून इतर दोन बाजूंचे वर्ग वजा करा. तीन मीटरच्या पाईपसाठी, दार मधोमध धरून: ९०००० − ११०२५ − १२१०० = ६६८७५, आणि त्याचं वर्गमूळ सुमारे २५८.६. जाडी न धरताच जवळपास २५९ सेमी उंचीची लिफ्ट लागेल, म्हणजे आपल्या लिफ्टपेक्षा ३९ सेमी जास्त. सामान नेण्याची मोठी लिफ्ट असलेल्या इमारतीत हे जमू शकतं, कारण तिथे रुंदी आणि खोलीही वाढते आणि तेवढी उंची कमी लागते. इतरत्र अख्खा पाईप जिन्यानेच जाईल, आणि तिथे तो वळणाच्या चौथऱ्यावर फिरेल का, हा हिशेब या कर्णाचा नाही. तो दोन बोळांच्या काटकोनी वळणाचा आहे आणि त्याची रीत वेगळी.

परीक्षेसाठी सराव करणाऱ्यांना एक गोष्ट माहीत असलेली बरी. पुस्तकातली मापं वर्गमूळ पूर्ण यावं म्हणून निवडलेली असतात. २, ३, ६ ला ७. ३, ४, १२ ला १३. १०, १०, ५ ला १५. आणि सुरुवातीच्या खोलीला, १२, ९, ८ ला १७. यांच्या पटी केल्या तरी उत्तर पटीतच येतं, म्हणजे ४, ६, १२ ला १४. पेपरात वर्गमूळ पूर्ण येत नसेल तर आधी वर्गांची बेरीज पुन्हा करून पाहा, मग एककं. लिफ्टपाशी मात्र पूर्ण संख्या आली तर उलट टेप पुन्हा एकदा लावून घ्या.